राजीनाम्याचा ई-मेल आणि सूचना कालावधीचे अर्थशास्त्र

कापड गिरणीतील एखादा कामगार नोकरी सोडून जातो तेव्हा त्याचा माग जागच्या जागी राहतो. दुसरा कामगार येतो आणि काही दिवसांत तो माग चालू लागतो. सॉफ्टवेअर अभियंता नोकरी सोडतो तेव्हाही त्याने लिहिलेली प्रणाली कंपनीच्या संगणकावर जशीच्या तशी राहते. तरीही तो गेल्यानंतर पहिल्याच महिनाअखेरीस काहीतरी अडते आणि ते नेमके काय अडले आहे हे कोणालाच सांगता येत नाही. प्रणाली मागे राहिली, पण ती अशीच का लिहिली, कुठे हात लावू नये आणि बिघडली तर प्रथम काय पाहावे, ही माहिती त्या अभियंत्याबरोबर निघून गेली, हे त्याचे कारण होय.

ही माहिती मागे ठेवून जाण्यासाठी जो काळ मिळतो त्यास सूचना कालावधी, म्हणजेच प्रचलित भाषेत नोटीस पिरियड, असे म्हणतात. व्यवस्थापकाला पाठविलेल्या ई-मेलने हा काळ सुरू होतो. त्या ई-मेलमध्ये राजीनाम्याबरोबरच काम सुरळीत सोपवून देण्याची तयारी दर्शविलेली असते. हे वाक्य वरवर शिष्टाचाराचे वाटते. परंतु श्रमबाजाराच्या दृष्टीने तो एक आर्थिक प्रस्ताव असतो. तो का आणि कसा, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

ज्ञानाचे दोन प्रकार

अमेरिकन अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात मानवी भांडवलाचा सिद्धान्त मांडताना सर्वसाधारण आणि विशिष्ट अशा दोन प्रकारच्या कौशल्यांत भेद केला. जावा किंवा पायथन या भाषांचे ज्ञान हे सर्वसाधारण भांडवल होय. ते बंगळूरुच्या कंपनीत जितके उपयोगी, तितकेच पुण्यात किंवा हैदराबादेत उपयोगी असते. अभियंत्याला नवी नोकरी मिळते ती या ज्ञानाच्या बळावर. याउलट, एका विशिष्ट ग्राहकाची बिल आकारणी प्रणाली कशी चालते, हे ज्ञान त्या एकाच कंपनीत उपयोगी असते. हे विशिष्ट भांडवल होय. नोकरी बदलताच अभियंत्याच्या दृष्टीने त्याचे मूल्य शून्य होते. जुन्या कंपनीच्या दृष्टीने मात्र ते तेवढेच राहते.

हस्तांतरणाचा प्रश्न येथेच उभा राहतो. जी वस्तू एकाला निरुपयोगी आणि दुसऱ्याला मोलाची आहे, तिचे हस्तांतर व्हावे यात दोघांचेही हित असते. अडचण अशी की ही वस्तू कागदावर नसते. मायकेल पोलान्यी या विचारवंताने अशा ज्ञानास अव्यक्त ज्ञान म्हटले आहे. ते जाणणाऱ्यालाही पूर्णपणे शब्दांत मांडता येत नाही. एकाने करावे आणि दुसऱ्याने शेजारी बसून पाहावे, अशाच रीतीने ते पुढे जाते. यासाठी दोन माणसांचा एकत्र वेळ लागतो, आणि सूचना कालावधी म्हणजे करारानेच राखून ठेवलेला असा वेळ होय.

कायदा काय सांगतो

भारतातील माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात कायम झालेल्या अभियंत्यासाठी ६० किंवा ९० दिवसांचा सूचना कालावधी सर्रास आढळतो. हा आकडा बहुतेक वेळा नियुक्तिपत्रातून येतो. म्हणून राजीनामा लिहिण्यापूर्वी नियुक्तिपत्र आणि त्यानंतर आलेली पदोन्नतीची पत्रे वाचणे ही पहिली पायरी ठरते. पदोन्नतीबरोबर ३० दिवसांचे ९० दिवस झाले आणि ते कर्मचाऱ्याच्या लक्षातच आले नाही, असे वारंवार घडते.

कर्मचाऱ्याने हा काळ पूर्ण केला नाही तर काय? विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम १४ नुसार व्यक्तिगत गुणांवर अवलंबून असलेल्या कराराची सक्तीने अंमलबजावणी करता येत नाही. म्हणजेच कोणतेही न्यायालय अभियंत्याला कामावर बसण्यास भाग पाडत नाही. कंपनीला मागता येते ती भरपाई. आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार तीही वाजवी असावी लागते, करारात लिहिलेली रक्कम ही केवळ कमाल मर्यादा असते.

याच अधिनियमाचे कलम २७ विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. व्यवसाय किंवा नोकरी करण्यास प्रतिबंध करणारा करार या कलमानुसार शून्य ठरतो. त्यामुळे नोकरी सोडल्यानंतर स्पर्धक कंपनीत जाऊ नये अशी अट भारतात सहसा टिकत नाही. या कलमाचे मूळ न्यूयॉर्कचे विधिज्ञ डेव्हिड डडली फील्ड यांच्या संहितेच्या मसुद्यात आहे. त्याच मसुद्यावरून कॅलिफोर्नियाने १८७२ मध्येच आपली दिवाणी संहिता स्वीकारली आणि तेथेही असा प्रतिबंध शून्य ठरला. रोनाल्ड गिल्सन या विधी अभ्यासकाने १९९९ मध्ये असा युक्तिवाद केला की, सिलिकॉन व्हॅलीतील अभियंत्यांच्या सहज स्थलांतरामागे आणि त्यातून होणाऱ्या ज्ञानप्रसारामागे ही तरतूद आहे.

मात्र नोकरी चालू असतानाच्या अटींना न्यायालये वेगळा निकष लावतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या सेंच्युरी स्पिनिंग प्रकरणात आणि मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात हा भेद मान्य केला. दुसऱ्या प्रकरणात तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरली. यातून एक निष्कर्ष निघतो. नोकरीनंतरचा प्रतिबंध टिकत नसल्यामुळे कंपन्या आपले संरक्षण नोकरीच्या काळातच शोधतात. लांबलचक सूचना कालावधीकडे याच दृष्टीने पाहता येते. ज्ञान सोपवून घेण्याचा तो काळ आहेच, शिवाय जाणाऱ्याचा वेग कमी करण्याचे ते साधनही आहे.

एक उदाहरण

समजा, बंगळूरुतील एका कंपनीत एक अभियंता विमा कंपनीच्या हप्ता आकारणी प्रणालीचे काम पाहतो. त्याचे एकूण मासिक वेतन १,२०,००० रुपये असून त्यात मूळ वेतन ६०,००० रुपये आहे. सूचना कालावधी ९० दिवसांचा आहे. नव्या कंपनीने त्याला ३ ऑगस्टला रुजू होण्यास सांगितले आहे. नवे नियुक्तिपत्र लेखी हाती आल्यावर तो १ जून रोजी राजीनामा देतो. १ जून हा पहिला दिवस धरल्यास नव्वदावा दिवस २९ ऑगस्टला येतो. त्याला ३१ जुलैला, म्हणजे एकसष्टाव्या दिवशी, मोकळे व्हायचे आहे. २९ दिवस कमी पडतात.

व्यवस्थापकाशी समक्ष किंवा दूरध्वनीवर बोलून झाल्यावर त्याच दिवशी तो ई-मेल पाठवितो. कार्यालयात असा ई-मेल बहुधा इंग्रजीत असतो. त्याचा मराठी आशय असा :

विषय : राजीनामा, १ जूनपासून सूचना कालावधी सुरू

नमस्कार सर,

आज सकाळी आपल्याशी बोललो त्यानुसार मी सॉफ्टवेअर अभियंता या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील ९० दिवसांचा सूचना कालावधी आजपासून मोजावा. त्यानुसार माझा शेवटचा कामाचा दिवस २९ ऑगस्ट येतो.

या काळात हप्ता आकारणीचे काम नीट सोपवून देण्याची जबाबदारी मी घेतो. माझ्याकडील सर्व कामांची यादी ५ जूनपर्यंत आपल्याला देईन. ३० जूनची महिनाअखेरची आकारणी मी करावी व माझ्या जागी येणाऱ्या सहकाऱ्याने ती पाहावी, आणि ३१ जुलैची आकारणी त्यांनी करावी व मी शेजारी असावे, असे सुचवितो. यासाठी १२ जूनपर्यंत त्या सहकाऱ्याचे नाव निश्चित व्हावे ही विनंती.

दुसरी आकारणी निर्वेध पार पडल्यास ३१ जुलै रोजी मला कार्यमुक्त करण्याचा विचार व्हावा, ही स्वतंत्र विनंती आहे. उरलेल्या दिवसांबाबत कंपनीच्या नियमानुसार रजा व वेतनाचे समायोजन मला मान्य असेल.

राजीनामा स्वीकारल्याचे व शेवटच्या दिवसाची तारीख ई-मेलने कळवावी. येथे मिळालेल्या कामाच्या संधीबद्दल आभारी आहे.

आपला,
(नाव, कर्मचारी क्रमांक)

या पत्रातील पहिल्या परिच्छेदाकडे प्रथम पाहू. त्यात राजीनामा निःसंदिग्ध आहे आणि तारीख करारानुसार आहे. लवकर सोडण्याची मागणी त्यात मिसळलेली नाही. ती पुढे ‘स्वतंत्र विनंती’ म्हणून येते. ‘३१ जुलैला सोडणार असाल तर माझा राजीनामा समजावा’ असे लिहिले असते, तर तो सशर्त राजीनामा झाला असता आणि दिवस केव्हापासून मोजायचे याविषयी वाद उत्पन्न झाला असता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीस कायदेशीर मान्यता दिली असून, कलम १३ मध्ये अशी नोंद पाठविल्याची व मिळाल्याची वेळ कशी ठरते हे सांगितले आहे. त्यामुळे ई-मेलचा दिनांक हाच पुरावा ठरतो. ई-मेल व्यवस्थापकाबरोबरच मनुष्यबळ विभागालाही पाठवावा, तो यासाठीच. अनेक कंपन्यांत अंतर्गत संकेतस्थळावरही राजीनाम्याची नोंद करावी लागते. तेथील तारीख आणि ई-मेलची तारीख एकच असावी.

राजीनाम्याचे कारण या पत्रात नाही, तक्रारही नाही. नव्या कंपनीचे नावही नाही. हे पत्र कर्मचाऱ्याच्या नोंदवहीत कायम राहते. ज्या मजकुराने कोणताही हक्क निर्माण होत नाही, तो मजकूर त्यात असण्याचे कारण नाही. स्वीकृती लेखी मागितली आहे, त्यामागेही कायदेशीर कारण आहे. पुढील तारखेपासून अमलात येणारा राजीनामा त्या तारखेपूर्वी, एरवी अडसर नसल्यास, मागे घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये गोपालचंद्र मिश्र प्रकरणात म्हटले. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात २०२४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, स्वीकृतीची केवळ अंतर्गत नोंद पुरेशी नाही, ती कर्मचाऱ्यास कळविली पाहिजे. ही प्रकरणे सार्वजनिक सेवेतील आहेत आणि खासगी नोकरीत कराराच्या अटी महत्त्वाच्या ठरतात. परंतु स्वीकृती कळविली गेली की दोन्ही बाजूंची अनिश्चितता संपते, हे तत्त्व सर्वत्र उपयोगी आहे.

दिवसांचे कामात रूपांतर

सूचना कालावधी दिवसांत मोजला जातो, पण ज्ञानाचे हस्तांतर दिवसांत मोजता येत नाही. ते कामाच्या आवर्तनांत मोजावे लागते. हप्ता आकारणीचे आवर्तन महिन्याचे आहे. म्हणून ई-मेलमध्ये दोन महिनाअखेरींचा उल्लेख आला. पहिल्यात जाणारा करतो आणि येणारा पाहतो. दुसऱ्यात येणारा करतो आणि जाणारा पाहतो. या दोन पायऱ्या झाल्या की हस्तांतराचा मोठा भाग पूर्ण होतो. त्या ३१ जुलैपर्यंत होतात, म्हणूनच ती तारीख मागण्यास आधार मिळतो.

याच विचाराने सूचना कालावधीची मर्यादाही कळते. ३१ मार्चची वार्षिक हिशेबपूर्ती जून ते ऑगस्ट या काळात येतच नाही. ती दाखविता येणार नाही, लिहूनच ठेवावी लागेल. आणि सूचना कालावधी ९० दिवसांचा असो वा १२० दिवसांचा, यात फरक पडत नाही. जे काम वर्षातून एकदा येते, तेच माणूस गेल्यावर सर्वाधिक अडते. म्हणून कामांची यादी करताना ती महत्त्वाच्या क्रमाने न करता वारंवारतेच्या क्रमाने करणे श्रेयस्कर : दररोजची कामे, महिन्याची कामे, वर्षाची कामे आणि आजवर एकदाच घडलेली कामे. शेवटच्या दोन गटांना लेखी टिपणांत सर्वाधिक जागा द्यावी.

यादीत आणखी एक गट असतो, जो बहुधा विसरला जातो. तो म्हणजे अभियंत्याच्या वैयक्तिक नावाशी बांधलेल्या गोष्टी. रात्री आपोआप चालणारे एखादे काम त्याच्या स्वतःच्या खात्यावरून चालत असते. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपण्याची सूचना त्याच्याच ई-मेलवर येत असते. ग्राहकाकडील एखादी परवानगी त्याच्या नावाने दिलेली असते. शेवटच्या दिवशी सायंकाळी कंपनी त्याचे खाते बंद करते आणि त्या रात्रीचे काम होत नाही. प्रमाणपत्राची गोष्ट तर आणखी काही महिन्यांनी उघडकीस येते. प्रणालीत कोणतीही चूक नसते, चूक नावाची असते. यावर सोपा उपाय आहे. शेवटच्या दिवसापूर्वी किमान एक आठवडा अभियंत्याचे अधिकार तात्पुरते काढून घ्यावेत आणि काय थांबते ते पाहावे. तो जागेवर असताना जे थांबेल ते तासाभरात दुरुस्त होते.

लेखी टिपण पुरेसे आहे की नाही हे त्याच्या पृष्ठसंख्येवरून कळत नाही. ज्याने ते काम कधीही पाहिलेले नाही अशा सहकाऱ्याने केवळ टिपण वाचून ते काम करून दाखवावे, हीच त्याची कसोटी. तो जेथे थांबतो आणि प्रश्न विचारतो, तेथे टिपणात एक वाक्य कमी आहे असे समजावे. हस्तांतर फसत असल्याची खूणही ठराविक आहे : दुसरा आठवडा संपला तरी उत्तराधिकाऱ्याचे नाव ठरलेले नसते. अनेक ठिकाणी व्यवस्थापक जाणाऱ्या अभियंत्याकडून शेवटपर्यंत नवीन काम करवून घेतो आणि शेवटच्या तीन दिवसांत ‘ज्ञान हस्तांतरणा’च्या बैठका भरवितो. ९० दिवस संपतात, आवर्तन मात्र एकही पूर्ण होत नाही. ई-मेलमध्ये १२ जून ही तारीख घातली आहे ती यासाठी. नाव वेळेवर ठरले नाही, तर ती उणीव कोणाची हे नंतर स्पष्ट राहते.

यादी, टिपणे आणि प्रणाली हे सर्व कंपनीच्या संगणकावरच राहावे. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात तयार झालेल्या कृतीचा पहिला स्वामी, वेगळा करार नसल्यास, मालक असतो. ‘नंतर मदत करता यावी’ अशा सद्हेतूनेही काही मजकूर स्वतःच्या ई-मेलवर पाठविणे अंगाशी येऊ शकते.

उरलेल्या दिवसांची किंमत

आता कमी पडणाऱ्या २९ दिवसांकडे वळू. कंपनीच्या नियमानुसार या दिवसांची वसुली मूळ वेतनावर होते की एकूण वेतनावर, यावर सर्व हिशेब अवलंबून आहे. महिना ३० दिवसांचा धरल्यास एका दिवसाचे मूळ वेतन २,००० रुपये आणि एकूण वेतन ४,००० रुपये होते. म्हणजे २९ दिवसांसाठी ५८,००० किंवा १,१६,००० रुपये. अभियंत्याच्या खात्यावर ९ दिवसांची अर्जित रजा शिल्लक असून ती वळती करण्याची मुभा असेल, तर २० दिवस उरतात आणि रक्कम ४०,००० किंवा ८०,००० रुपयांवर येते. ही रक्कम अनेकदा नवी कंपनी देते. अशा वसुलीवर वस्तू व सेवा कर लागत नाही, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने केला आहे.

रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये मांडलेला विचार येथे लागू पडतो. हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटीचा खर्च अल्प असेल, तर हक्क अखेरीस त्याच्याकडे जातो ज्याला तो सर्वाधिक मोलाचा वाटतो. अभियंत्याच्या २९ दिवसांवर जुन्या कंपनीचा हक्क आहे आणि नवी कंपनी तो विकत घेऊ इच्छिते. समजा, ती त्यासाठी १ लाख रुपयांपर्यंत देण्यास तयार आहे. काम सोपवून न देता अभियंता गेला तर जुन्या कंपनीचे ३ लाखांचे नुकसान होईल, असे मानू. मग सौदा होणे शक्य नाही. व्यवस्थापक त्याला सोडणार नाही. परंतु ३१ जुलैपर्यंत दोन्ही आवर्तने पूर्ण झाली, तर त्यानंतरच्या २९ दिवसांचे जुन्या कंपनीस वाटणारे मूल्य ४०,००० रुपयांपर्यंत उतरू शकते. आता सौदा दोघांच्याही हिताचा ठरतो. काम सुरळीत सोपविण्याचा प्रस्ताव केवळ शिष्टाचाराचा नाही, असे आरंभी म्हटले ते या अर्थाने. त्या प्रस्तावाने उरलेल्या दिवसांची किंमत खाली येते आणि म्हणून सुटका लवकर होते. मात्र हस्तांतर प्रत्यक्षात होण्याआधीच तारखेचा आग्रह धरला, तर व्यवस्थापकाच्या मनातील आकडा ३ लाखांचाच राहतो.

विश्वासाचा प्रश्न

राजीनाम्यानंतरचा काळ हा दोन्ही पक्षांच्या दृष्टीने परस्परसंबंधांचा शेवटचा टप्पा असतो. पुढे देवाणघेवाण होणार नसेल तर आज नीट वागण्याचे कारण काय, असा प्रश्न खेळ सिद्धान्तात विचारला जातो. कर्मचारी हात आखडता घेऊ शकतो; कंपनी हिशेब अडवू शकते. ऑलिव्हर विल्यमसन यांनी अशा व्यवहारांत ‘ओलीस’ ठेवण्याच्या पद्धतीचे विश्लेषण केले आहे. न्यायालय कामाची सक्ती करत नसल्यामुळे भारतीय कंपन्यांच्या हाती जे ओलीस असते ते म्हणजे कार्यमुक्तीचे पत्र. नवी कंपनी ते मागते, म्हणून कर्मचारी शेवटपर्यंत टिकतो.

या व्यवस्थेत कर्मचाऱ्याची बाजू दुबळी पडू नये यासाठी काही आधार आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ च्या कलम १७ नुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. संहितेतील ‘कर्मचारी’ या व्याख्येत व्यवस्थापकीय पदेही येत असल्याने अभियंत्यांना ही तरतूद लागू होते. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी सोडल्याचा दिनांक कंपनीने न भरल्यास, शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला तो स्वतः भरता येतो. ही सोय २०२० पासून उपलब्ध आहे. उपदानासाठीची सेवा शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत मोजली जाते, राजीनाम्याच्या ई-मेलपर्यंत नव्हे. पाच वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्या कर्मचाऱ्याने लवकर सुटका मागण्यापूर्वी हा हिशेब अवश्य करावा.

समारोप

लांब सूचना कालावधीचा भार केवळ कर्मचाऱ्यावर पडत नाही. प्रत्येक कंपनीने ९० दिवस धरून ठेवले की प्रत्येक कंपनीला नवीन माणसासाठीही ९० दिवस थांबावे लागते. त्या काळात उमेदवार आणखी चांगला प्रस्ताव मिळवितो आणि ठरलेल्या दिवशी रुजू होतच नाही. एका कंपनीचे संरक्षण हे सर्व कंपन्या मिळून पाहता खर्च ठरतो. ज्या ज्ञानासाठी हे दिवस राखले जातात, ते मात्र आवर्तनांच्या हिशेबाने हलते. कामाची टिपणे वर्षभर लिहिली जात असतील आणि प्रत्येक काम दोघांना येत असेल, तर ३० दिवस पुरतात. तसे नसेल तर ९० दिवसही अपुरे पडतात. वरील ई-मेलमधील सर्वांत महत्त्वाचे वाक्य म्हणूनच राजीनाम्याचे नसून दोन महिनाअखेरींचे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सर्वसाधारण व विशिष्ट मानवी भांडवलातील भेद स्पष्ट करून त्या आधारे सूचना कालावधीची गरज सांगा.
२. भारतीय करार अधिनियमाच्या कलम २७ चा श्रमिकांच्या गतिशीलतेवर होणारा परिणाम विशद करा.
३. वरील उदाहरणात सूचना कालावधी ६० दिवसांचा असता, तर राजीनाम्याच्या ई-मेलमधील कोणती वाक्ये बदलली असती आणि कोणती तशीच राहिली असती?